दोरा सरळ की कापड सरळ?

धावदोरा हा शिवणातला सगळ्यात साधा टाका. सुई कापडात खाली जाते, थोडं अंतर कापून वर येते, पुन्हा खाली जाते. शाळेतल्या शिवणाच्या तासाला पहिला हाच शिकवतात आणि पुढे कच्चा टाका म्हणून त्याला दुय्यम कामाला लावतात. बंगालची कांथा आणि जपानचं साशिको ही दोन्ही कामं मात्र प्रामुख्याने याच टाक्यावर उभी आहेत. तरी दोन्हींचे जुने नमुने शेजारी ठेवले, तर हा एकच टाका आहे हे पटकन पटत नाही. कांथेचा पृष्ठभाग बारीक लाटांनी भरलेला असतो. हात फिरवला की उंचसखलपणा बोटांना लागतो, आणि नक्षी नसलेली पांढरी जागाही हललेल्या पाण्यासारखी दिसते. साशिको सपाट असतं. गडद निळ्या कापडावर पांढरे, टपोरे, एकसारखे टाके बसलेले असतात आणि कापडाला कुठेही चुणी नसते.

हा फरक कापडामुळे थोडा पडतो, पण मुख्यतः तो पडतो दोरा किती ओढला यामुळे. धावदोऱ्यातला दोरा वर-खाली नागमोडी जातो. तो ताणला की त्याला सरळ व्हायचं असतं. समोरच्या टाक्याखालचं कापड तो आत दाबतो आणि पाठीमागच्या टाक्याशी तेच कापड बाहेर ढकलतो. म्हणजे दोरा सरळ होतो आणि त्याच्या वाटची वळणं कापड घेतं. कांथेत असं होतं. साशिकोत बाई सुई ओढून झाल्यावर शिवलेली ओळ अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून शिवणीच्या दिशेने चोळत नेते, त्यामुळे जादा ताण सुटतो, कापड पसरतं आणि वळणं दोऱ्याकडेच राहतात. कांथेत कापड लहरतं, साशिकोत दोरा. दोन्हींचं सगळं रूप इथून सुरू होतं.

विरलेल्या साड्यांचे थर

कांथा नव्या कापडाची करायची चीज नव्हे. पश्चिम बंगाल आणि आजचा बांगलादेश या भागात ती घरातल्या विरलेल्या सुती साड्या, धोतरं आणि लुंग्या यांच्यापासून होत आली. जमीन स्वच्छ करून त्यावर पहिली साडी पसरायची, तिच्यावर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक थर हाताने सारवल्यासारखा सपाट करायचा, कारण आतल्या थराला पडलेली घडी नंतर निघत नाही. ती कायमची गाठ होऊन अंगाला टोचते. कडा आत दुमडून शिवून घ्यायच्या. मग लांबीच्या दिशेने मोठ्या टाक्यांच्या दोन-तीन ओळी घालून सगळे थर एकमेकांना बांधून टाकायचे. एवढं झालं की कांथा गुंडाळून ठेवता येते आणि सवडीने, कधी महिने, कधी वर्षं, तिच्यावर काम चालतं.

दोराही घरचाच. साडीच्या रंगीत काठातले धागे एकेक ओढून काढायचे आणि दोन-चार धाग्यांना पीळ देऊन भरतकामाचा दोरा करायचा. म्हणून जुन्या कांथांत लाल, निळा आणि काळा हेच रंग जास्त दिसतात; काठांचे रंग तेच असत. पांढऱ्या जमिनीसाठी पांढरा दोरा. ही निवड काटकसरीतून आली, पण तिचा एक मोठा फायदा होता. दोरा कापडाइतकाच जुना आणि मऊ असल्याने तो कापडाला कापत नसे. याकडे पुढे परत यावं लागेल.

थरांची संख्या वापरावरून ठरते. थंडीत पांघरायची ती लेप, तिला थर जास्त. समारंभाला पाहुण्यांना बसायला अंथरायची ती सुजनी. पुस्तकं किंवा मौल्यवान वस्तू गुंडाळायला बायतन, आरसा-फणी गुंडाळायला आरशिलता, आणि उशीचा अभ्रा तो ओआड. बाळंतघरातली कांथा सगळ्यात साधी आणि सगळ्यात मऊ. तान्ह्या बाळाला नव्या कापडाचा खरखरीतपणा नको म्हणून आई-आजीच्या साड्याच तिथे लागत.

नक्षीच्या कांथेत बहुधा मधोमध कमळ असतं, चार कोपऱ्यांत झाडं किंवा कोयऱ्या आणि मधल्या जागेत हत्ती, मासे, पालख्या, कंगवे, अडकित्ते, जे घरात आणि गावात दिसलं ते सगळं. आधी आकृतीची बाह्यरेषा, मग तिच्या आतला भाग आणि शेवटी मोकळी जमीन असा साधारण क्रम. या शेवटच्या टप्प्यात हात कळतो. चांगली शिवणारी जमीन सरळ रेषांनी भरून टाकत नाही. ती आकृतीच्या कडेला लागून एक ओळ घेते, तिच्याबाहेर दुसरी, तिच्याबाहेर तिसरी. दोन आकृत्यांभोवतीच्या अशा ओळी जिथे एकमेकींना भिडतात तिथे त्या मोडतात, वळतात, आणि कापडावरच्या लाटाही तिथेच दिशा बदलतात. माझ्या मते कांथेतली खरी कला त्या रंगीत हत्तीत कमी आणि त्याच्याभोवतीच्या या पांढऱ्यावर पांढऱ्या कामात जास्त आहे. छायाचित्रात ते दिसत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिलंही कमी जातं.

जुन्या कांथा बहुतेक निनावी आहेत. एक ठळक अपवाद कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे. खुलन्याकडच्या मानदासुंदरी दासी या बाईने एकोणिसाव्या शतकात ती वडिलांसाठी शिवली आणि आपलं नाव तिच्यावर दोऱ्याने लिहून ठेवलं. तिच्यात पारंपरिक आकृत्यांच्या जोडीला तिच्या काळातले शिपाई आणि साहेबही आहेत.

एक लाख टाके

एका साध्या, नक्षी नसलेल्या लेपाचा हिशेब मांडून पाहू. आकार दीड मीटर रुंद, दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब. दोन ओळींत अर्धा सेंटिमीटर अंतर धरलं, तर रुंदीत तीनशे ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटर दहाची, म्हणजे शिवणीची एकूण लांबी सहाशे तीस मीटर. टाका आणि त्यामागची मोकळी जागा मिळून सहा मिलिमीटर धरले, तर एका ओळीत साडेतीनशे टाके होतात आणि पूर्ण लेपात एक लाख पाच हजार. हात सरावलेला असेल आणि मिनिटाला वीस टाके पडत असतील, तरी नुसती सुई चालवायला सत्त्याऐंशी तास लागतात. यात थर पसरणं नाही, दोरा ओवणं नाही, मध्ये रडणारं मूल उचलणं नाही.

याच तीनशे ओळींत शेजारच्या दोन ओळींचं नातं काय ठेवायचं, यावर कापडाचं रूप ठरतं. प्रत्येक ओळीतला टाका मागच्या ओळीतल्या टाक्याच्या अगदी शेजारी आला, तर दाबलेल्या जागा एका रांगेत येतात आणि शिवणीला काटकोनात सरळ सरी पडतात. प्रत्येक ओळीत टाका किंचित पुढे सरकवला, तर सरी तिरक्या होतात. टाक्याशेजारी मोकळी जागा आणि मोकळ्या जागेशेजारी टाका, अशी विटांच्या भिंतीची रचना केली, तर सरी जाऊन सगळीकडे बारीक खळ्या पडतात. काठाच्या पट्ट्यांतल्या नक्ष्या याच सरकवण्यातून निघतात: भाताची लोंबी, विंचू, मुंग्यांची रांग. राजशाही भागातली लोहोरी कांथा तर याच खेळावर उभी आहे. तिच्यात हत्ती-कमळ काही नाही. ओळी सरकवून लाटा, चौकटी आणि कबुतरांच्या खुराड्यासारखी घरं उठवलेली असतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आज दुकानात ‘कांथा साडी’ म्हणून जी टसर किंवा रेशमी साडी मिळते, ती एकपदरी असते. रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवी यांच्या प्रयत्नांतून शांतिनिकेतन परिसरात कांथेच्या टाक्याला जे नवं वळण मिळालं, त्याच वाटेवरचं हे काम आहे, आणि ते सुंदर असतं. पण थर नसल्याने त्यात लाट उठत नाही. ती साडी कांथेच्या टाक्याने भरलेली असते, कांथा नसते.

थंडीतलं वाखाचं कापड

साशिकोची गोष्ट जपानच्या उत्तर टोकाला, त्सुगारू भागात नेली तर नीट कळते. आजच्या आओमोरी प्रांताचा हा पश्चिम भाग. तिथे हिमवर्षाव प्रचंड आणि कापूस पिकत नाही. त्यात 1724 मध्ये तिथल्या सरंजामी राजवटीने काटकसरीचा हुकूम काढला आणि शेतकऱ्यांनी सुती कपडे घालायचे नाहीत असं ठरलं. राहिलं ते भांगेच्या झाडाच्या वाखापासून विणलेलं कापड. ते टिकाऊ असतं, पण जाडंभरडं आणि विरळ. धाग्यांच्या मधून वारा सरळ अंगाला लागतो.

बायकांनी ती भोकं दोऱ्याने बुजवली. कापडाचे उभे धागे मोजून एक, तीन, पाच, सात अशा विषम संख्येवरून सुई न्यायची आणि आडव्या ओळी इतक्या जवळ घ्यायच्या की छातीचा आणि पाठीचा भाग दोऱ्याने भरून जावा. पुढे सुती दोरा मिळू लागल्यावर निळ्या वाखावर पांढरा कापूस अशी जोडी जमली. विषम संख्येमुळे नक्षी आपोआप उभट शंकरपाळ्याची होते. याला कोगिन म्हणतात. शेजारच्या नांबू भागात सम संख्या मोजतात आणि तिथला शंकरपाळा आडवा, पसरट होतो. कापड तेच, टाका तोच; मोजणीच्या या एका फरकावरून अंगरखा कुठल्या बाजूचा ते ओळखता येतं.

म्हणजे बंगालमध्ये टाक्याने थर धरले आणि इथे टाका स्वतःच थर झाला. अंगरख्याला ऊब आली ती दोऱ्याची. असा कपडा अनेक वर्षं वापरून पांढरा दोरा मळकट झाला की आख्खा अंगरखा पुन्हा निळीत बुडवत आणि शेतावर घालत. नक्षी मग रंगाने दिसत नाही, उजेड तिरका पडला की उठावाने दिसते. 1891 मध्ये तोक्योहून आओमोरीपर्यंत रेल्वे आली, स्वस्त सुती कापड पोचलं, आणि कोगिनची गरजच संपली. ती उरली कलेच्या रूपाने.

दक्षिणेला, जिथे सुती कापड मिळत होतं, तिथलं साशिको दोन थर जोडण्यासाठी किंवा फाटलेल्या जागी ठिगळ धरण्यासाठी असे. एदो शहरातल्या आग विझवणाऱ्यांचे अंगरखे हा त्याचा सगळ्यात दणकट नमुना. सुती कापडाचे अनेक थर एकमेकांवर घट्ट शिवायचे; आगीत शिरण्याआधी तो अंगरखा पाण्याने चिंब करायचा. थरांमध्ये आणि दोऱ्यांच्या जाळ्यात पाणी धरून राहायचं आणि अंगाला आच कमी लागायची. अस्तरावर ड्रॅगन किंवा वीरपुरुष रंगवलेले असत, आणि आग विझल्यावर अंगरखा उलटा करून ती चित्रं मिरवायची.

आखणी आणि कोपरा

कांथेला आखणी लागली तरी थोडी, साशिकोला ती लागतेच. सोप्या प्रकारात अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी कापडावर आखतात. आधी सगळ्या आडव्या ओळी शिवायच्या, एक चौकट टाका आणि एक चौकट रिकामी. पुढच्या ओळीत टाका कुठून सुरू करायचा, तेवढं लक्षात ठेवायचं. मग सगळ्या उभ्या ओळी. उभी ओळ चालू होईपर्यंत काहीच दिसत नाही, नुसत्या तुटक रेघा. उभे टाके आडव्यांना छेदले तर अधिकच्या चिन्हांचं शेत उगवतं. टोकाला टोक लागलं तर पायऱ्या किंवा फळाच्या फुलासारखी चौकट तयार होते. नक्षी बदलायला दोरा बदलावा लागत नाही, टाका एक घर सरकवला की पुरतं.

दुसऱ्या प्रकारात लांब रेषा असतात: समुद्राच्या लाटांची खवलं, एकमेकांत अडकलेली वर्तुळं, भांगेचं पान. हे पान लहान मुलांच्या कपड्यांवर मुद्दाम शिवत, कारण भांग सरळ आणि भराभर वाढते. या प्रकाराचे नियम तीन आणि तिन्हींना कारण आहे. समोरचा टाका मागच्या मोकळ्या जागेपेक्षा थोडा मोठा, साधारण तीनास दोन, म्हणजे पांढरा रंग वरचढ राहतो. कोपऱ्यावर टाका नेमका संपला पाहिजे, नाहीतर टोक बोथट दिसतं. आणि जिथे अनेक रेषा एका बिंदूत येतात तिथे दोरे एकमेकांवर चढवायचे नाहीत, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढी जागा सोडायची. नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि पहिल्यांदा तेच झिजतं. वळणावर पाठीमागे दोरा किंचित सैल ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर पहिल्या धुण्यातच कापड आकसतं आणि साशिको बिघडून अर्धवट कांथा होते.

मऊपणा येतो कुठून

नव्या सुती कापडात खळ असते आणि धाग्याला पीळ घट्ट असतो. धुतल्यावर खळ जाते, आपटण्या-पिळण्याने पीळ सैलावतो, तंतूंची टोकं मोडून वर येतात आणि पृष्ठभागावर बारीक लव उठते. बोटांना जो मऊपणा लागतो तो याचा. पण हीच झीजही आहे: तंतू मोडतात, कापड पातळ होतं, शेवटी फाटतं. अशी विरलेली चार कापडं एकत्र शिवली की प्रत्येकावर येणारा ताण वाटला जातो. एका थराला भोक पडलं तरी आजूबाजूचे टाके ते पसरू देत नाहीत. टाके दोन-अडीच सेंटिमीटर लांब आणि ओळी चार बोटं दूर असतील, तर ही राखण होत नाही. भोक दोन ओळींमध्ये मोकळं वाढतं.

आपली गोधडी याच नियमाने टिकते. तिथे जुनी लुगडी आणि धोतरं असतात, धावदोरा असतो, फक्त ओळी बहुधा काठाकडून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मध्याकडे जातात, म्हणून गोधडीच्या सुरकुत्याही चौकोनी फिरतात.

हल्ली सगळ्यात मोठी चूक होते ती दोऱ्याची. जुन्या साड्या घेऊन त्या पॉलिएस्टरच्या बळकट दोऱ्याने शिवल्या जातात. टिकेल अशी आशा असते आणि होतं उलटं. सुती कापड झिजतं, दोरा झिजत नाही. प्रत्येक धुण्यात तो विरलेल्या कापडाला करवतीसारखा कापतो आणि टाक्यांच्या ओळीवरच सरळ चीर जाते. दोरा कापडापेक्षा कमजोर असावा. तो तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड तुटलं तर नाही.

खरं जुनं कसं ओळखायचं

जीर्ण, मऊ दिसण्याला आता किंमत आहे. जपानमधल्या ठिगळांवर ठिगळं लावलेल्या बोरो कपड्यांची एके काळी त्यांच्या मालकांनाच लाज वाटे. आओमोरीचे संशोधक तानाका चुझाबुरो यांनी गावोगाव फिरून असे जुने कपडे जमवले. त्यांच्या संग्रहातल्या त्सुगारू आणि नांबूच्या 786 साशिको वस्तूंना 1983 मध्ये जपान सरकारने राष्ट्रीय लोकवारसा म्हणून मान्यता दिली. आज त्याच रूपाच्या नव्या जीन्स आणि जाकिटं कारखान्यात निघतात, आणि ‘जुनी कांथा’ म्हणून गेल्या महिन्यात शिवलेली चादर विकली जाते.

घेण्याआधी पाठ पाहावी. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा असतो आणि समोरच्या मोकळ्या जागेमागे टाका दिसतो. साध्या यंत्राच्या शिवणीत वर-खाली दोन दोरे एकमेकांत अडकतात, मध्ये जागा राहत नाही. हाताचा भास देणारी यंत्रंही निघाली आहेत. त्यांचे टाके पाच मीटर शिवलं तरी कमी-जास्त होत नाहीत. माणसाचा हात संध्याकाळी थकतो, टाका लांबतो, दोरा संपतो आणि नवा जरा वेगळ्या छटेचा येतो.

मग झीज पाहावी. वापराची झीज असमान असते: घडीवर, कडेला, मानेशी धरतो तिथे जास्त, मध्ये कमी. दगडांबरोबर धुऊन आणलेली झीज सगळीकडे सारखी असते आणि शिवणीच्या उंचवट्यावर पांढुरकी पडते. साशिकोत आणखी एक खूण शोधावी. जिथे पांढरा दोरा तुटून गेला आहे तिथे खाली छोट्या गडद निळ्या रेघा दिसल्या पाहिजेत, कारण तेवढी जागा इतकी वर्षं ऊन आणि घासण्यापासून दोऱ्याखाली झाकलेली होती. दोरा गेलेला आहे पण खालचा रंग भोवतीसारखाच फिका आहे, तर कापड आधी फिकं करून मग शिवलं आहे. कांथेत फाटलेल्या जागी बोट घालून आतला थर पाहावा. तिथे वेगळ्या साडीचा काठ, वेगळा रंग, कधी जुनं ठिगळ सापडतं. आत कोरं एकसारखं कापड असेल तर विक्रेत्याने सांगितलेलं वय सोडून द्यावं आणि किंमत नव्या चादरीची धरावी.

घरात अशी कांथा किंवा गोधडी असेल तर ती यंत्रात धुऊ नका. टबात, थंड पाण्यात, सौम्य साबणाने दाबून धुवा आणि पिळू नका. ओली असताना दोरीवर टांगू नका. चार थरांत भरलेल्या पाण्याचं वजन सगळं वरच्या टाक्यांवर येतं आणि ते तुटतात. चादर अंथरून सावलीत आडवी वाळवा, आणि ठेवताना दर खेपेला घडीची जागा बदला.